क्लेम नाकारल्याच्या ईमेलमध्ये नेमकं काय लिहिलंय?

आरोग्य विम्याचा क्लेम नाकारल्याचा ईमेल आला की 'खेद आहे' एवढंच वाचून आपण फोन उचलतो. तो जरा ठेवा. क्लेमचं काय केलं हे सांगणारा शब्द आधी शोधा. 'पेंडिंग' किंवा 'क्वेरी' असेल तर तो नकार नाहीच, कागद हवे आहेत. 'क्लोज्ड' म्हणजे बहुतेक वेळा कागद न पोचल्यामुळे फाइल बंद झाली. तिथे भांडू नका, राहिलेले कागद जोडून ती पुन्हा उघडायला सांगा. 'रिजेक्टेड' किंवा 'रेप्युडिएटेड' असेल तर मात्र कंपनीने जबाबदारी नाकारली आहे आणि आता अपील करावं लागेल.

मग कारण वाचा. त्यात पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक असायला हवा. नसेल तर आधी तोच लेखी मागा. असेल तर ते कलम पॉलिसीत उघडून, व्याख्यांसकट, पूर्ण वाचा. ईमेलमध्ये अनेकदा त्याचा सोयीचा तुकडाच येतो.

समजा, अँजिओप्लास्टी झाली, पॉलिसी तीन वर्षांची आहे, आणि ईमेल म्हणतो: 'डिस्चार्ज कार्डनुसार रक्तदाबाचा त्रास 5 वर्षांपासून, प्रपोजल फॉर्ममध्ये तो उघड केलेला नाही.' म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार तुम्ही तेव्हा भरलेल्या फॉर्ममध्ये सांगितला नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. आक्षेप अँजिओप्लास्टीवर नाही. तो एका आकड्यावर आहे. ऑपरेशन किती गरजेचं होतं हे सांगणारी चार पानं लिहून उपयोग नाही.

आता तो आकडा तपासा. भरती करताना घाईत कुणीतरी '5 महिने'ऐवजी '5 वर्षे' लिहिलं, असं खरंच होतं. तसं असेल तर डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्या: चूक काय, बरोबर काय, सही, तारीख, नोंदणी क्रमांक. पण नुसत्या पत्राला 'नंतर सुचलेलं' म्हणून बाजूला सारतात. सोबत गोळ्या सुरू झाल्याची पहिली चिठ्ठी आणि त्याआधीचा रक्तदाब नॉर्मल दाखवणारा तपासणी अहवाल जोडा. खरं पारडं जड होतं ते या जुन्या कागदांनी. मूळ कार्डावर खाडाखोड मात्र करू देऊ नका.

आणि 5 वर्षं खरीच असतील तर खोटं पत्र घेऊ नका. रुग्णालयातल्या मूळ केसपेपरवर तीच नोंद असते आणि कंपनीचा तपासनीस ती बघतो.

'उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे' हे शब्द दिसले तर नवा पुरावा बघायला जागा ठेवली आहे असं समजा. 'आमचे सर्व अधिकार राखून' हे मात्र वकिली ठरावीक वाक्य आहे, घाबरू नका.

अपील छोटं ठेवा: क्लेम क्रमांक, ईमेलमधलं ते एक वाक्य, ते का चुकीचं आहे आणि पुराव्यांची यादी. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखीच पाठवा आणि पोच जपून ठेवा, कारण विमा लोकपालासारख्या बाहेरच्या यंत्रणेकडे गेलात तर सहसा पहिला प्रश्न येतो, 'आधी कंपनीकडे तक्रार केली होती का?' तिथे जायची मुदत नकाराच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. म्हणून तो ईमेल डिलीट करू नका.