गच्चीवर पाहुण्याला आकाश कसं दाखवावं, आणि त्याला गोडी लागली हे कसं ओळखावं

मी गेली बारा-तेरा वर्षं आकाश बघतो आहे आणि भेटेल त्याला दाखवतो आहे. सुरुवातीची काही वर्षं मी पाहुण्यांना गच्चीवर नेऊन तासभर नक्षत्रं सांगत असे. सगळे "छान, छान" म्हणत खाली उतरत आणि पुन्हा कधी गच्चीवर येत नसत. त्या "छान"चा अर्थ समजायला मला फार वेळ लागला. आता माझी पद्धत ठरलेली आहे. जानेवारी-फेब्रुवारीचं आकाश समोर ठेवून ती सांगतो.

आधी वेळ आणि एकच गोष्ट ठरवा

वीस मिनिटं ठरवा आणि तसं आधीच सांगून टाका: "वीस मिनिटं वर येता का? मग चहा घेऊ." कधी सुटका होणार हे माहीत असलं की माणूस मोकळेपणाने बघतो. गार वाऱ्यात मान वर करून उभं राहणं नवख्याला जड जातं, म्हणून एक सतरंजी आणि शाल वर नेऊन ठेवा.

दाखवायची गोष्ट एकच निवडा. या दिवसांत मी मृग नक्षत्र निवडतो. त्यातले एका रेषेत जवळजवळ असलेले तीन तारे शहरातल्या उजेडातही दिसतात. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमाराला ते जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेला असतात. तीन ताऱ्यांची रेष एका बाजूला वाढवली की लखलखणारा व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी. पहिल्या रात्रीला एवढं पुरतं.

नाव सांगण्याआधी बघू द्या

"हे मृग नक्षत्र" असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी म्हणा, "डोक्यावर तीन तारे एका ओळीत आहेत, सापडतात का बघा." मग गप्प राहा. अर्धा-एक मिनिट शांतता जड वाटते, पण तेवढ्या वेळात ते तारे त्याचे स्वतःचे होतात. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यामुळे घाई केली तर नुसतं कंटाळवाणंच होत नाही, दिसतंही कमी.

मागच्या जानेवारीत माझे मामा आले होते. पारनेर भागात शेती, वय पासष्टच्या पुढे. मी त्यांच्यासाठी रोहिणीची गोष्ट तयार ठेवली होती: तिचा प्रकाश आपल्याकडे पोचायला सुमारे ६५ वर्षं लागतात. पण आधी फक्त तीन तारे शोधायला सांगितले. मामांनी वर बघितलं आणि लगेच म्हणाले, "अरे, हे तर तिकांडं!"

मी काहीच बोललो नाही. मग तेच सांगू लागले. त्यांचे वडील मार्गशीर्षात गव्हाला रात्रीचं पाणी द्यायचे, हे लहानपणी सोबत दारं धरायला जायचे. घड्याळ नव्हतं. तिकांडं माथ्यावर आलं की मध्यरात्र, आणि मावळतीला टेकलं की तांबडं फुटायला आलं. हिशेब अगदी बरोबर आहे: डिसेंबरच्या मध्यावर हे तारे मध्यरात्रीच्या सुमाराला माथ्यावर येतात आणि सहाच्या आसपास मावळतात.

तयार ठेवलेली गोष्ट अशा वेळी गिळून टाकावी. मामांचं सांगणं तोडून मी प्रकाशवर्षांवर गेलो असतो, तर तेही "हं, हं" करत बसले असते. पाचेक मिनिटांनी त्यांनीच विचारलं, "आणि तो लालसर कुठला रे?" तेव्हा मी रोहिणी सांगितली आणि प्रकाशाची गोष्टही, दोन वाक्यांत. मामा थांबले. "म्हणजे मी पाळण्यात होतो तेव्हा निघालेला उजेड?" जवळपास तसंच, म्हटलं. शाल सतरंजीवर पडली होती, ती उचलायचं त्यांना भानच नव्हतं.

दुर्बिणीपाशी "दिसलं का?" विचारू नका

दुर्बीण असेल तर ती शेवटी काढा. इथे एक अडचण आहे, जी दाखवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मोटर नसलेल्या दुर्बिणीत तारे सरकत राहतात, कारण पृथ्वी फिरते आहे. दर चार मिनिटांना साधारण एक अंश. १२० पट मोठं दाखवणाऱ्या साध्या आयपीसमधून अर्ध्या अंशाहूनही कमी आकाश दिसतं. म्हणजे तुम्ही गुरू मधोमध आणून बाजूला झालात आणि पाहुणे चष्मा काढून, वाकून, डोळा लावेपर्यंत मिनिट गेलं, तर गुरू निघून गेलेला असतो. त्यांना काळोख दिसतो, आणि भिडेखातर ते म्हणतात, "हो हो, छान."

यावर दोन उपाय आहेत. आधी कमी वर्धनाचं आयपीस लावा, २५ मिलिमीटरचं चालेल, म्हणजे दुप्पटीहून जास्त वेळ मिळतो. आणि गुरू मधोमध न ठेवता, ज्या कडेने तो आत येतो त्या कडेला ठेवा. पाहुणे डोळा लावतील तेव्हा तो मध्याकडे येत असेल.

मग विचारा, "काय दिसलं?" ज्याला खरंच दिसलं तो वर्णन करतो: "एक गोळा आहे, बाजूला बारीक ठिपके ओळीत आहेत." हेच ते चंद्र, जे गॅलिलिओने १६१० साली पाहिले. ज्याला काही दिसलं नाही तो पुन्हा "छान"च म्हणतो. अशा वेळी त्याला न अवघडवता म्हणा, "थांबा, सरकला असेल," आणि परत लावून द्या.

गोडी लागली हे कशावरून कळतं

कौतुकाच्या शब्दांवरून कळत नाही. न सांगता दुसऱ्यांदा आयपीसपाशी येणं, ही माझ्या मते सगळ्यात पक्की खूण. त्याखालोखाल, तुम्ही न दाखवलेल्या ताऱ्याकडे बोट जाणं. "केवढ्याला पडली दुर्बीण?" हा प्रश्न आकाशाचा नसतो, त्यावर खूश होऊ नका. फोन बाहेर आला तर जरा बघा: वेळ बघायला काढला असेल तर आवरतं घ्या, आयपीसला लावून चंद्राचा फोटो घ्यायला काढला असेल तर मदत करा.

उत्तरं एका शब्दात येऊ लागली, पाय जिन्याकडे वळले, की वीस मिनिटं झाली नसली तरी खाली चला. "अजून एकच दाखवतो" म्हणू नका. चहा घेताना त्यांच्या आवडीचं काही विचारा. काही माणसांना आकाश लागतच नाही, त्यात कुणाचं चुकलेलं नसतं.

आणि गोडी लागली असेल तर पुढचं सगळं त्याच रात्री ओतू नका. मामांना मी एवढंच म्हटलं की घरी गेल्यावर तिकांडं किती वाजता माथ्यावर येतं ते अधूनमधून बघा. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्यात दोन तास, हे मुद्दामच सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांचा फोन आला, कशासाठी ते न सांगता सुरूच झाले: "अरे, तुझ्याकडे दहाला होतं ना वर? इथं आज आठालाच आलंय. हे असं का होतं?"