नाव तेच, औषध वेगळं: परदेशात गोळ्या घेताना या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. मे महिना आला की मुलांकडे निघालेले काका-काकू गोळ्या भरून न्यायला येतात आणि हमखास म्हणतात, “संपल्या तर तिथे हेच नाव सांगून घेऊ.” पहिली चूक इथेच होते.

आमच्या एका नेहमीच्या काकांचं ऐका. वय बहात्तर, प्रोस्टेट वाढलेलं. लंडनला मुलाने शिंकांसाठी बेनाड्रिलची रोज एक गोळी दिली. त्यात होतं सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम, म्हणजे आपण इथे देतो तेच. काकांना छान मानवलं. पुढच्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीला गेले आणि तिथेही बेनाड्रिलच आणलं. अमेरिकेत मात्र त्या गोळीत डायफेनहायड्रामिन असतं, 25 मिलिग्रॅम. खोक्यावर दर चार ते सहा तासांनी एक-दोन गोळ्या असं लिहिलेलं, म्हणून काकांनी दिवसभरात चार घेतल्या. दुपारभर ग्लानी, तोंड कोरडं, आणि रात्री लघवीच होईना. पोट तटतटलं, तेव्हा इमर्जन्सीत नेऊन नळी घालावी लागली. अशी जुनी, झोप आणणारी अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची औषधं, मूत्राशयाचं आकुंचन मंदावतात. प्रोस्टेटवाल्यांसाठी तशी सूचना खोक्यावर छापलेली होती. पण ओळखीचं नाव दिसलं की मागची बाजू वाचतो कोण?

आणि ठाण्यात बेनाड्रिल मागितलं तर मी खोकल्याचं सिरप काढून देतो!

बिनचिठ्ठीच्या गोळ्यांचं हे असं, तर चिठ्ठीवरच्या औषधांत धोका आणखी मोठा. फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटचं टॅम्सुलोसिन, इटलीत त्याच नावाने सूज-वेदनेचं मॉर्निफ्लुमेट. डिलाकॉर अमेरिकेत रक्तदाबाचं डिल्टियाझेम, सर्बियात हृदयाचं डिगॉक्सिन, ज्याची मात्रा थोडी चुकली तरी जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2006 मध्ये प्रवाशांना याबद्दल सावध केलं होतं. कंपन्या देशोदेशी वेगळ्या, नावाची नोंदणीही वेगळी. त्यामुळे हे बेकायदा नाही. दुकानदाराने फसवलेलंही नसतं.

दुसरी चूक म्हणजे स्ट्रिप कापून गोळ्या डबीत भरणं. कापलेल्या तुकड्यावर बहुतेकदा घटकाचं नाव उरत नाही. अख्खी स्ट्रिप न्या आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटक, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे लिहून घ्या. परदेशी खोक्यावर ‘ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट’ची ओळ शोधून चिठ्ठीशी ताडा.

घटकाचं नावही क्वचित बदलतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. हे ठाऊक नसेल तर इथून नेलेल्या पॅरासिटामॉलवर तिथलं टायलेनॉल घेतलं जातं, म्हणजे तेच औषध दोनदा.

चुकीची गोळी पोटात गेलीच तर पुढची घेऊ नका, खोकं जपून ठेवा. अमेरिकेत विषबाधा मदतीचा क्रमांक 1-800-222-1222, ब्रिटनमध्ये सल्ल्यासाठी 111. लघवी अडली, छातीत धडधडलं किंवा शुद्ध हरपू लागली तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा, आणि ते खोकं सोबत न्या.