आईबाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा दोन तुकड्यांत मागा

आईचा गुडघा बदलण्यासाठी सांगलीहून पुण्याला जायचं म्हणून मी सलग आठ दिवसांची रजा घेतली. भरतीच्या आदल्या दिवशी लघवीत जंतुसंसर्ग निघाला, तारीख पुढे गेली आणि रजेचे दोन दिवस वाया गेले. म्हणून रक्त, लघवी आणि ईसीजी आठवडाभर आधी सांगलीतच करून रिपोर्ट तिकडच्या डॉक्टरांना दाखवा, मगच रजा पक्की करा. भरतीपासून घरी आणेपर्यंत पाच-सहा दिवस घ्या. साधारण दोन आठवड्यांनी टाके काढायला जावं लागतं, त्यासाठी दोन दिवस शिल्लक ठेवा.

डिस्चार्ज कार्डावर फक्त पेशंटचं नाव असतं. सोबत कोण होतं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, असा सही-शिक्क्याचा दाखला रजेसाठी हॉस्पिटलमधून निघायच्या आधीच मागून घ्या.