परीक्षेच्या धास्तीवर स्वतःचं वाक्य कसं लिहावं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत टेबलासमोर ‘मी यशस्वी होणारच’ अशी चिठ्ठी चिकटवलेली हमखास दिसते. धास्तावलेल्या मनाला ती पटत नाही. वाचल्याबरोबर आतून ‘पण...’ येतं आणि मागचे सगळे निकाल आठवू लागतात. 2009 मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगातही, आत्मसन्मान कमी असलेल्यांना स्वतःबद्दलचं गोड वाक्य घोकल्यावर उलट अधिक वाईट वाटलं होतं. म्हणून सुरुवात त्या ‘पण’पासूनच करायची.

समजा, राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीसाठी वाक्य लिहायचं आहे. आधी तिला विचारा, पेपर हातात येताच डोक्यात नेमकं काय येतं? तिचेच शब्द उतरवून घ्या, सुधारू नका. ती म्हणते, “पहिले तीन प्रश्न आले नाहीत की संपलंच.”

आता तिचे शेवटचे चार-पाच सराव पेपर काढा. सुरुवात अडखळली होती, तिथे पुढे काय झालं ते पाहा. एका पेपरात पहिले चार प्रश्न सोडून ती पुढे गेली होती आणि नंतर परत येऊन त्यातले दोन सोडवले होते. हा पुरावा तिच्याच हातचा आहे. असा पुरावा सापडला नाही, तर वाक्य लिहायची घाई करू नका. आधी प्रश्न सोडून पुढे जायचा सराव दोन पेपरांत करून घ्या.

पहिला खर्डा असा होईल: “मी अजिबात घाबरणार नाही, सगळं आठवेल.” यात दोन वचनं आहेत आणि दोन्ही तिच्या हातात नाहीत. छातीत धडधडलं की वाक्य तिथेच खोटं पडतं. म्हणून धडधड वाक्यातच घ्या आणि पुढे तिला करता येईल अशी एकच कृती ठेवा: “धडधडतंय, तरी मी हा प्रश्न सोडून पुढचा वाचते.”

हे तिला मोठ्याने म्हणायला लावा आणि किती खरं वाटतं त्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. सातपेक्षा कमी आले तर दावा आणखी लहान करा: “धडधडतंय, तरी पुढचा एक प्रश्न वाचता येतो.” वाक्य एका सावकाश उच्छ्वासात संपायला हवं. आठ-दहा शब्दांपुढे ते ताणलं की पेपरात आठवत नाही. भाषा तिचीच राहू द्या. घरात कुणी ‘उत्तीर्ण’ म्हणत नसेल, तर वाक्यातही तो शब्द नको.

लिहून झालं की दोन तासांच्या सराव पेपरात, अडलेल्या प्रश्नापाशीच ते वापरायचं. फक्त सकाळी आरशासमोर म्हटलेलं वाक्य परीक्षेच्या बाकावर सुचत नाही. दोन-तीन पेपरांनंतर पुन्हा विचारा, अजून ‘पण’ येतो का? येत असेल तर तो नवा ‘पण’ लिहून घ्या आणि वाक्य बदला.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटल्याचं ती बोलली, तर वाक्यांवर थांबू नका. समुपदेशकाकडे न्या, किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर तिच्याशेजारी बसून फोन लावा.