मॅरेथॉनआधीचे दोन आठवडे: अंतर कमी करा, वेग नाही

शर्यत जवळ आली की काही जण धावणं जवळपास बंद करतात, तर काही जण भीतीपोटी पूर्ण अंतर पळत राहतात. त्याऐवजी फक्त किलोमीटर कमी करा. धावण्याचे वार आणि वेग शक्यतो तेच ठेवा.

समजा, तुमचा आठवडा ६० किमीचा आहे.

१. पहिल्या आठवड्यात ४० किमी. लांब धाव १६ किमीच्या पुढे नको.

२. शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत सोडून, २० किमी. रविवारी शर्यत असेल तर बुधवारी ६ किमी धावा, त्यातले मधले ३ शर्यतीच्या वेगाने. ही धाव चुकवू नका, पायांना वेगाची सवय टिकायला तिची मदत होते.

या दिवसांत पाय सुस्त वाटले, तरी जास्तीची धाव घालू नका. पण एकाच जागी टोचणारं आणि धावताना वाढणारं दुखणं असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.