नॅपसॅकचा तक्ता: या चुका टाळा, विशेषतः उत्तर बरोबर येत असताना

शून्य-एक नॅपसॅक या प्रश्नात पिशवीच्या वजनमर्यादेत जास्तीत जास्त मूल्याच्या वस्तू भरायच्या असतात, आणि प्रत्येक वस्तू एकतर पूर्ण घ्यायची किंवा अजिबात घ्यायची नाही. आपण ७ किलोची पिशवी आणि तीन वस्तू घेऊ: पहिली ३ किलोची, मूल्य ५, दुसरी ४ किलोची, मूल्य ६, तिसरी ५ किलोची, मूल्य ९. दर किलोमागे सर्वाधिक मूल्य तिसऱ्या वस्तूचे असल्यामुळे अनेक जण तीच आधी उचलतात. मग उरलेल्या २ किलोंत काहीच मावत नाही आणि मूल्य ९ वर अडकते. पहिली आणि दुसरी मिळून मात्र ११ होतात. म्हणूनच तक्ता मांडावा लागतो.

तक्त्यात प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ आणि ० पासून ७ पर्यंतच्या प्रत्येक क्षमतेसाठी एक स्तंभ असतो. पहिल्या वस्तूच्या वर शून्यांची एक ओळ असते. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू न घेता वरच्या ओळीत याच स्तंभात जे मूल्य होते ते मोठे, की वस्तूचे मूल्य आणि तिचे वजन वजा केल्यावर उरणाऱ्या क्षमतेचे वरच्या ओळीतील मूल्य यांची बेरीज मोठी? खाली `best` हा तक्ता, `n` ही वस्तूंची संख्या, `W` ही पिशवीची क्षमता, आणि `wt` व `val` या वजनांच्या व मूल्यांच्या याद्या आहेत.

```python
for i in range(1, n + 1):
    for c in range(W + 1):
        best[i][c] = best[i-1][c]
        if wt[i-1] <= c:
            best[i][c] = max(best[i][c],
                val[i-1] + best[i-1][c - wt[i-1]])
```

या नियमाने शेवटची ओळ `0 0 0 5 6 9 9 11` अशी येते.

सर्वांत जास्त फसवणारी चूक बेरजेच्या पदात होते. तेथे `best[i-1]` ऐवजी `best[i]` लिहिले गेले, किंवा जागा वाचवण्यासाठी एकच ओळ ठेवून ती लहान क्षमतेकडून मोठ्या क्षमतेकडे भरली, तर वाचलेल्या चौकटीत तीच वस्तू आधीच घेतलेली असू शकते आणि ती पुन्हा मोजली जाते. आपल्या उदाहरणात शेवटची ओळ मग `0 0 0 5 6 9 10 11` होते. शेवटची चौकट ११ च दाखवते, त्यामुळे केवळ उत्तर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. बिघाड फक्त ६ च्या स्तंभात आहे, जेथे पहिली वस्तू दोनदा घेऊन १० झाले आहेत. ही चूक पकडण्यासाठी पहिल्या वस्तूनंतरची ओळ छापून पाहावी: तेथे ५ पेक्षा मोठा आकडा दिसला की वस्तू दोनदा मोजली गेली हे निश्चित. एकच ओळ ठेवायची असेल, तर `w` हे त्या वस्तूचे वजन मानून ती उलट्या दिशेने, `range(W, w - 1, -1)` अशी भरावी.

दुसरी चूक पायथनमध्ये विशेष घातक आहे, कारण तेथे ती निमूटपणे घडते. वस्तू मावते का हे तपासणारी `if` ओळ राहून गेली, तर `c - wt[i-1]` ऋण होते आणि पायथन त्रुटी दाखवण्याऐवजी यादीच्या शेवटाकडून मोजून चौकट वाचतो. आपल्या आकड्यांवर पहिल्या ओळीत सर्वत्र ५, दुसरीत ११ आणि तिसरीत २० येतात. उत्तर सर्व मूल्यांच्या बेरजेइतके आले आणि सर्व वस्तू मिळून पिशवीत मावणाऱ्या नसल्या, तर सर्वप्रथम शून्याचा स्तंभ पाहावा; सर्व वजने धन असताना तो संपूर्ण शून्यच असायला हवा.

कोणत्या वस्तू घेतल्या हे शोधताना शेवटच्या ओळीपासून वर जावे. चौकटीचे मूल्य वरच्या चौकटीएवढेच असेल तर ती वस्तू घेण्याची गरज नव्हती. वेगळे असेल तर वस्तू घेतली, आणि मग तिच्या वजनाइतके स्तंभ डावीकडे सरकायचे. आपल्या तक्त्यात तिसऱ्या ओळीत ११ आणि वरही ११, म्हणून तिसरी वस्तू सोडली. दुसऱ्या ओळीत ११ आणि वर ५, म्हणून दुसरी घेतली आणि ३ च्या स्तंभात गेलो. तेथे पहिलीही घेतली. हे डावीकडे सरकणे विसरले तरी ७ च्या स्तंभातून पुन्हा योगायोगाने हीच यादी मिळते. ६ च्या स्तंभापासून सुरुवात केली, तर मात्र तिन्ही वस्तू घेतल्याचे दिसते, म्हणजे ६ किलोच्या पिशवीत १२ किलो! खरे उत्तर फक्त तिसरी वस्तू हे आहे. म्हणून मिळालेल्या यादीतील वजनांची आणि मूल्यांची बेरीज स्वतंत्रपणे, प्रत्येक स्तंभासाठी तपासणे मला अनिवार्य वाटते.

वजने अपूर्णांकात असतील तर `int()` लावून मोकळे होऊ नये, २.५ किलोचे २ झाले की पिशवी प्रत्यक्षात फुगते. दशांशचिन्हानंतर एकच अंक असेल तर सर्व वजने आणि क्षमता १० ने गुणून पूर्णांक करता येतात, मात्र त्याबरोबर स्तंभही सुमारे दहापट वाढतात. ५० किलोची पिशवी ग्रॅममध्ये मोजायची ठरवली, तर प्रत्येक वस्तूच्या ओळीत ५०,००१ चौकटी भराव्या लागतील.