सामाईक स्पर्शिकेवरून फेज डायग्राम कसा काढावा: सिलिकॉन-जर्मेनियमचं उदाहरण

दोन घटकांच्या मिश्रणाचे मुक्त ऊर्जेचे वक्र काढणं सोपं आहे. चूक होते ती स्पर्शिका टेकवताना, आणि ती नेहमी एकाच प्रकारची असते. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून त्या एका पायरीवर थांबणार आहे.

उदाहरणाला सिलिकॉन आणि जर्मेनियम घेऊ. हे दोन्ही द्रवात पूर्ण मिसळतात आणि घनातही. सिलिकॉन १६८७ केल्विनला वितळतं, जर्मेनियम १२११ ला. वितळण्याची उष्णता सिलिकॉनची मोलमागे साधारण ५०,२०० ज्यूल, जर्मेनियमची ३६,९००. दोन्ही मिश्रणं आदर्श धरू. x म्हणजे सिलिकॉनचा मोल अंश. वजनाची टक्केवारी हाताशी असेल तर आधी मोल अंशात बदलून घ्या.

पहिली पायरी: वक्र काढा. एक तापमान पक्कं करा, समजा १५०० केल्विन. शुद्ध घन सिलिकॉन आणि शुद्ध घन जर्मेनियम यांची ऊर्जा शून्य मानली तर घनाच्या G_s आणि द्रवाच्या G_l या मुक्त ऊर्जेची सूत्रं अशी होतात, R म्हणजे वायू स्थिरांक:

```
G_s = RT [ x ln x + (1-x) ln(1-x) ]
G_l = x*a + (1-x)*b + RT [ x ln x + (1-x) ln(1-x) ]
a = 50200*(1 - T/1687)
b = 36900*(1 - T/1211)
```

१५०० केल्विनला a येतो +५५६५ आणि b येतो −८८०६ ज्यूल. अर्थ सरळ आहे: या तापमानाला सिलिकॉनला घन राहायचंय, जर्मेनियमला वितळायचंय.

दुसरी पायरी: सामाईक स्पर्शिका. इथे सावकाश चला.

बहुतेक जण दोन्ही वक्रांचे तळ शोधतात आणि ते जोडतात. मीही शिकताना हेच केलं होतं. दहा-बारा तापमानांचे वक्र काढले, प्रत्येकाचे तळ टिपले आणि आकृती तयार केली. तिच्यात घनाची सीमा सगळ्या तापमानांना बरोबर ०.५ वर आली, पट्टीने आखल्यासारखी उभी. कारण उघड होतं: G_s मध्ये फक्त मिसळण्याची एन्ट्रॉपी आहे, त्यामुळे तिचा तळ कुठल्याही तापमानाला ०.५ वरच राहणार. तुमच्या आकृतीत अशी उभी रेष दिसली, तर तुम्ही तळ जोडलेत असं खुशाल समजा.

ही सवय लागते कुठून? एकाच प्रावस्थेचे दोन खड्डे असलेला सममित वक्र पुस्तकांत पहिल्यांदा दाखवतात. तिथे स्पर्शिका आडवी असते, म्हणून तळ आणि स्पर्शबिंदू एकाच ठिकाणी पडतात. तो योगायोग फक्त त्या सममितीचा आहे. दोन वेगळ्या प्रावस्था आल्या, की तो संपला.

आपल्या उदाहरणात द्रवाचा तळ ०.२४ वर आहे आणि घनाचा ०.५ वर. हे दोन जोडणारी रेघ ओढा आणि x = ०.४ ला पाहा: द्रवाचा वक्र त्या रेघेच्या जवळजवळ १४०० ज्यूल खाली आहे. म्हणजे तिथे नुसता द्रवच जास्त स्थिर आहे. अशी रेघ दोन प्रावस्थांचा समतोल दाखवूच शकत नाही.

खरी अट अशी: सिलिकॉनचा केमिकल पोटेन्शियल घनात आणि द्रवात सारखा हवा, आणि जर्मेनियमचाही. वक्रावरच्या एखाद्या बिंदूला स्पर्शिका काढली, की ती उजव्या अक्षाला जिथे छेदते ती उंची म्हणजे सिलिकॉनचा पोटेन्शियल, डाव्या अक्षाला छेदते ती जर्मेनियमचा. दोन्ही पोटेन्शियल जुळायचे, तर दोन्ही वक्रांची स्पर्शिका एकच रेषा असावी लागते. नुसते उतार सारखे असून भागत नाही. समांतर रेषांचे उतारही सारखेच असतात.

घनातला सिलिकॉनचा अंश xS आणि द्रवातला xL म्हटला, तर आदर्श मिश्रणात या दोन अटी हातानेच सुटतात:

```
xS/xL         = exp(a/RT) = 1.562
(1-xS)/(1-xL) = exp(b/RT) = 0.494
```

यातून xL = ०.४७४ आणि xS = ०.७४०. आता पडताळा घ्याच, हा टप्पा गाळू नका. दोन्ही बिंदूंना उतार मोलमागे सुमारे १३,०६० ज्यूल येतो. उजव्या अक्षावर दोन्ही स्पर्शिका −३७५० ला पोचतात, डाव्या अक्षावर −१६,८१० च्या आसपास. तिन्ही आकडे जुळले म्हणजे रेषा एकच आहे.

अजून शंका असेल तर संदर्भ बदलून पाहा. सिलिकॉनसाठी घनाऐवजी शुद्ध द्रवाची ऊर्जा शून्य माना. वक्र तिरके होतात, घनाचा तळ ०.६१ वर सरकतो, द्रवाचा ०.३३ वर. स्पर्शबिंदू मात्र ०.४७४ आणि ०.७४० वरच राहतात. आपण शून्य कुठे मानलं यावर मिश्रणाचं वागणं ठरत नाही, म्हणून जो बिंदू त्यासोबत हलतो तो उत्तर असूच शकत नाही.

दोन वक्र जिथे एकमेकांना छेदतात, म्हणजे इथे ०.६१३, तोही समतोलाचा बिंदू नव्हे. तिथे स्पर्शिका छेदबिंदूच्या सुमारे ४८० ज्यूल खाली आहे. तेवढी ऊर्जा कमी होते म्हणूनच मिश्रण घन आणि द्रव अशा दोन भागांत विभागतं. एकूण सिलिकॉन ०.६ असेल तर घनाचा वाटा (०.६ − ०.४७४) भागिले (०.७४० − ०.४७४), म्हणजे साधारण ४७ टक्के.

तिसरी पायरी: तापमान बदलत जा. हेच गणित पुन्हा करा. १३०० केल्विनला द्रव ०.१०५, घन ०.३०३; १४०० ला ०.२६५ आणि ०.५५२, १६०० ला ०.७३३ आणि ०.८९१. उभ्या अक्षावर तापमान घेऊन बिंदू मांडा. द्रवाचे बिंदू जोडले की लिक्विडस, घनाचे जोडले की सॉलिडस. दोन्ही रेषा १२११ ला डाव्या टोकाशी आणि १६८७ ला उजव्या टोकाशी मिळाल्याच पाहिजेत.

मोजलेल्या आकृतीशी हा भिंगासारखा आकार चांगला जुळतो. लिक्विडसमध्ये फरक थोडा जास्त पडतो, कारण मिश्रण खरं तर पूर्ण आदर्श नाही. ती सुधारणा करायची तर दोन्ही वक्रांत आपापलं Ω·x(1−x) हे पद मिळवा; Ω हा मिश्रण आदर्शापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा. मग उत्तर हाताने निघत नाही, दोन समीकरणं संगणकावर सोडवावी लागतात.

तिथे एक सापळा आहे. एकाच प्रावस्थेचे दोन खड्डे असतील, तर दोन्ही x सारखे ठेवूनही समीकरणं तंतोतंत सुटतात, आणि सोडवणारा प्रोग्रॅम तेच उत्तर आनंदाने परत करतो. त्याला सुरुवात ०.०१ आणि ०.९९ पासून करायला लावा, आणि परत आलेले दोन आकडे सारखे असतील तर ते टाकून द्या. वेगळे आले तरी रेषा वक्रासोबत काढून बघा: पूर्ण लांबीत वक्र तिच्या खाली कुठेही जाता कामा नये.